भेगेचा नुसताच फोटो

पाकिटात फक्त एक फोटो होता. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत फुंकर मारली, बोट घालून कोपरे चाचपले. चिठ्ठी नाही, अर्ज नाही, 'मा. साहेबांचे सेवेशी' नाही. पोस्टकार्डाएवढा काळापांढरा फोटो आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक काळीभोर भेग. भिंत म्हणावी तर भेगेच्या दोन्ही बाजूंना पांढुरकं काहीतरी होतं, एवढंच.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. पाथर्डीला पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागून मला पाच महिने झाले होते. मी श्रीरामपूरकडचा, पाटपाण्याच्या मुलखातला. पाथर्डीत आल्या आल्या दोन गोष्टी कळल्या होत्या. इथे पाणी जपून प्यायचं आणि लोकांसमोर 'आमच्याकडे ऊस आहे' असं म्हणायचं नाही, कारण इथली निम्मी माणसं तो तोडायला तिकडेच जातात. बाकी सगळं मला आधीपासून माहीत होतं. डिप्लोमा पहिल्या वर्गात झाला होता आणि जगात आता शिकण्यासारखं फार थोडं उरलंय, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

टपाल बघणाऱ्या भाऊसाहेबांनी फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "नदी हाय ही. विमानातून काढलीय."

"भेग आहे, भाऊसाहेब."

"मग आवक रजिस्टरला काय लिहू? पाठवणाऱ्याचं नाव न्हाई, विषय न्हाई. नुसती भेग आवक झाली असं लिहू का?"

शेवटी त्यांनी 'फोटो, नग एक' असं लिहिलं आणि फोटो माझ्याकडे आला. मी तो दोन मिनिटं पाहिला. दोन मिनिटंही जास्तच झाली, कारण निदान पहिल्या दहा सेकंदांत झालं होतं. काळी माती, पाया उथळ, पाया खचला, भिंत फाटली. पुस्तकात याचं चित्रच होतं. मी कागद ओढला आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'सदर इमारतीचा पाया खचल्याचे छायाचित्रावरून दिसून येते. इमारत धोकादायक असून तात्काळ रिकामी करण्यात यावी.' खाली सहीसाठी जागा सोडली आणि कागद घेऊन उपअभियंता साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

साहेब निवृत्तीला आलेले. दिवसभर अडकित्त्याने सुपारी कातरत बसायचे आणि एकेक फाईल अशी वाचायचे, जणू तीत खडे निघणार आहेत. त्यांनी माझा कागद वाचला, परत वाचला.

"कुठली इमारत?"

"फोटोतली, साहेब."

"ती कुठंय?"

 इमारत कुठली हे मला माहीत नव्हतं. ती रिकामी करायची एवढं मात्र पक्कं माहीत होतं.

साहेबांनी अडकित्ता खाली ठेवला, फोटो उभा धरला. "अशी असली, सरळ उभी, तर दोन बांधकामांचा जोड सुटलेला असू शकतो." फोटो आडवा केला. "अशी असली आणि वर स्लॅब असला, तर उन्हानं स्लॅब फुगतो आणि भिंतीला ढकलतो. मग स्लॅबच्या खाली अशी आडवी चीर पडते." मग तिरका केला. "आणि अशी, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, एका टोकाला रुंद आणि एका टोकाला निमुळती, तर तुझा पाया. आता सांग, या फोटोचं वरचं टोक कुठलं?"

मी फोटो घेतला. चार बाजूंनी फिरवला. चारही बाजू वरच्या वाटत होत्या.

"केवढी आहे ही? केसाएवढी की हात जाईल एवढी? शेजारी काडेपेटीसुद्धा नाही. आणि कधीची? परवाची असली तर मी आत्ता उठून जाईन. दहा वर्षांची असली तर चहा पिऊन जाईन. कुठं, केवढी, कधीपासून. आधी हे तीन विचारायचं. अक्कल त्याच्यानंतर पाजळायची."

मी कागद फाडायला लागलो तर साहेब म्हणाले, "राहू दे. मागची बाजू कोरी आहे, कामाला येईल."

पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात फक्त काजळी उमटली होती. पण फोटोच्या पाठीवर एक जांभळा शिक्का होता, बसस्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओचा. तोही नेमका तिरका मारलेला, म्हणजे त्यावरूनही वर-खाली कळायची सोय नव्हती. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी तिकडे गेलो.

फोटोग्राफर काउंटरमागे पासपोर्ट साईजचे फोटो कातरत बसला होता. मी भेग पुढे ठेवली तसा त्याचा चेहरा उजळला.

"पोचला का? कसा आलाय? खरं सांगा."

"चांगला आलाय. पण हे आहे कुठलं?"

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. पूर्वेकडच्या एका गावाचं नाव घेतलं. तिथल्या प्राथमिक शाळेच्या बाईंनी त्याला फोटो काढायला नेलं होतं. शाळेला खोल्या दोन. एक बालवाडीसारखी बारकी आणि दुसरी ही मोठी, जिच्यात तिसरी-चौथी बसते. भेग मोठ्या खोलीत.

"बाई लई घोरात हायेत, साहेब. खोली बंद केली तर पोरांना ओढा वलांडून पल्याडच्या गावाला जावं लागंल. पोरं जातील. पोरी कोन पाठवनार? चौथीच्या नऊ पोरी हायेत, नऊच्या नऊ घरी बसतील. आन् बंद न्हाई केली आन् उद्या भिंत आली अंगावर, तर? म्हनून त्यांनी फोटो पाठवला. पन माझं नाव सांगू नका. बाईंचं तर मुळीच नको."

मला माझा तो सुबक अक्षरातला कागद आठवला. 'तात्काळ रिकामी करण्यात यावी.' मी दहा सेकंदांत नऊ मुलींना घरी बसवलं होतं. 

"भेग चांगलीच मोठी दिसतेय," मी म्हणालो.

"दिसनारच की!" तो खूश झाला. "बाई म्हनाल्या, नीट दिसली पाहिजे. आता भिंतीला पोपडं, डाग, पोरांनी काढलेली चित्रं. त्यात भेग कुठं उठून दिसायची? मंग मी ब्रश घेतला आन् शाईनं जरा भरली. जन्मभर नवरीच्या तोंडावरचे वन बुजवत आलो, साहेब. पयल्यांदा कुनी म्हनलं, वन दाखवा. जीव ओतला म्या."

"म्हणजे ही रुंदी..."

"ही माझ्या ब्रशाची रुंदी."

मी फोटो उजेडात तिरपा धरला तेव्हा शाईचा वेगळा चमकदारपणा दिसला. साहेबांचा दुसरा प्रश्न तिथेच मेला.

"शेजारी खिडकी, दार, काही नव्हतं?"

"हुती की खिडकी. पन तिची एक फळी मोडलेली. लई वंगाळ दिसत हुती. म्हनून निगेटिव्हमधून भेगेएवढंच मोठं केलं." भिंतीत नेमकी कुठं, हा पहिला प्रश्नही गेला. निगेटिव्ह आहे का विचारलं तर ते बाईंनी मागून नेलं होतं. तिसरा प्रश्न मी विचारलाच नाही. न जाणो, त्याने वयही वाढवलं असायचं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. जीपमध्ये डिझेल नव्हतं, ते महिनाअखेरीला मिळणार होतं. साहेब म्हणाले, "तोवर पत्र टाक. पत्राला डिझेल लागत नाही. पण बाईंचं नाव नको." मी पत्र टाकलं, आणि त्यात मी माझी दुसरी चूक केली. नाव घातलं नाही खरं. पण 'मुख्याध्यापक, प्राथमिक शाळा' यांना उद्देशून 'आपणाकडून प्राप्त झालेल्या छायाचित्राच्या अनुषंगाने' अशी दणदणीत सुरुवात केली. शाळेत मास्तर एकच होता, तो म्हणजे बाई. शिवाय गावात शाळेचं, सोसायटीचं आणि पंचायतीचं टपाल पोस्टमन एकाच ठिकाणी टाकायचा, ते म्हणजे सरपंचांच्या ओट्यावर. मला हे माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टींची यादी वाढत चालली होती.

आठ दिवसांत उत्तर आलं. ग्रामपंचायतीच्या छापील कागदावर, गोल शिक्क्यासह.

'१. भेगेचे स्थान : भिंतीमध्ये.
२. भेगेची रुंदी : बेताची.
३. भेगेचे वय : सदर भेगेची शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरला नोंद नसल्याने सांगता येत नाही. तरी गावातील वयस्कर मंडळींचे मते भेग हल्लीची नसावी.'

साहेबांनी ते वाचलं आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसले. हसताना सुपारीचा ठसका लागला, भाऊसाहेबांनी पाणी आणलं. मग म्हणाले, "परत लिही. म्हणावं, माप कळेल असं भेगेशेजारी काहीतरी ठेवून दुसरा फोटो पाठवा. फूटपट्टी, काडेपेटी, नाहीतर एखादा माणूस उभा करा."

एखादा माणूस! हे शब्द मी जसेच्या तसे पत्रात घातले. पंधरा दिवसांनी फोटो आला, या वेळी रंगीत. त्यात सरपंच मधोमध, डोक्याला गुलाबी फेटा. दोन्ही बाजूंना पंचायतीचे सदस्य, सोसायटीचे चेअरमन, तंटे सोडवणारे दोन जाणते, मांडीवर नातू घेतलेले एक आजोबा. पुढच्या रांगेत शाळेची मुलं मांडी घालून, हात गुडघ्यावर. एका कडेला पदर खांद्यावरून घेतलेल्या एक बाई, ज्या कॅमेऱ्याकडे न बघता तिसरीकडेच बघत होत्या. एखादा म्हणता म्हणता माणसं निघाली एकोणतीस. भिंत पूर्ण झाकली गेली होती. सरपंचांच्या फेट्याच्या तुऱ्यावर बोटभर काळी रेघ दिसत होती. ती भेग होती की तुऱ्याचाच काठ, यावर ऑफिसात अर्धा तास चर्चा झाली.

"जीपला डिझेल आलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग वडापनं जा."

गावाला दिवस कळवून, फूटपट्टी, ओळंबा, काडेपेटी आणि टॉर्च एवढं घेऊन मी वडापच्या जीपमध्ये बसलो. बसलो म्हणजे एक पाय आत होता. ड्रायव्हरच्या शेजारी चौघं, मागे अकरा आणि टपावर शेळी. ओळंब्याचं वजन माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या बरगडीत रुतत होतं आणि ते दर खड्ड्याला मला विचारत होते, "ह्ये काय पितळी लिंबू हाय का?"

फाट्यावर सरपंच स्वतः घ्यायला आले होते. माणूस रांगडा, हसरा. माझ्या वयाचा त्यांचा मुलगा असेल, पण मला 'इंजिनेर साहेब' म्हणत होते आणि मला ते आवडत होतं.

"आमाला आधी कळवायचं न्हाई का बाईंनी? थेट तालुक्याला फोटो! भिताडाचा फोटो! आवो, हितं माझ्या लग्नाचा फोटो न्हाई." मग चालता चालता, "खोलीचं वाढीव काम माझ्या मेव्हन्यानं केलंय. मानूस चांगला हाय. जरा घाईचा हाय."

शाळेपाशी पोचलो आणि मी दारातच उभा राहिलो. आतली मोठी खोली दुधासारखी पांढरी झाली होती. चुन्याचा ओला वास. समोरच्या भिंतीवर निळ्या अक्षरात 'स्वागतम्'. भेग कुठेच नव्हती.

"भेग?" मी विचारलं.

"बुजीवली की!" सरपंच अभिमानाने म्हणाले. "तुमी येनार म्हनल्यावर तशीच ठेवू का? शिमिट भरलं, वरून चुना मारला. गावाची काय आब्रू हाय का न्हाई?"

साहेब येणार म्हटलं की चुना मारायचा, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. पाहुणा भेग बघायला येतोय, म्हणून भेग झाकून ठेवायची. तीन आठवडे मी कुठं, केवढी, कधीपासून विचारत होतो. आता तीनही उत्तरांवर दोन हात चुना बसला होता.

बाई खोलीच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. चाळिशीच्या, सडपातळ, हातात खडू. मी नमस्कार केला. त्यांनी केला न केला. म्हणाल्या, "मी फोटो पाठवला होता. तुम्ही पत्र पाठवलंत."

एवढंच.  त्यांनी एकही अक्षर न लिहिता जे जपलं होतं, ते मी जावक क्रमांक टाकून सरपंचांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं होतं. "चुकलं माझं, बाई," मी म्हणालो. सरपंच ऐकत होते, तरी म्हणालो. म्हणायलाच हवं होतं.

बाईंनी खडू खाली ठेवला. "मागं चला. साहेब लोक मागं कधी जात नाहीत, म्हणून मागं चुना मारलेला नाही."

सरपंचांनी कपाळावर हात मारला. शाळेच्या मागे घाणेरीची झुडपं, फुटक्या पाट्या आणि पोरांनी मधल्या सुट्टीत कायम ओला ठेवलेला एक पट्टा. नाकाला रुमाल लावून मी भिंतीपाशी गेलो आणि तिथे ती होती. जशीच्या तशी, बिनशाईची.

मी खरोखर खूश झालो. आधी वरपासून खालपर्यंत पाहिली. पत्र्याच्या खालून निघून जोत्यापर्यंत उभी, सुतासारखी सरळ. डावीकडे जुनं दगडी बांधकाम, उजवीकडे मेहुण्यांनी वाढवलेल्या दहा फुटांच्या विटा. जुन्या भिंतीचे दगड मधून मधून काढून, त्या खाचांत नव्या विटा गुंतवून जोड करायचा असतो. मेहुण्यांनी नवी भिंत जुनीला नुसती चिकटवून उभी केली होती आणि दोन्हींवरून एकच गिलावा फिरवला होता. नवी भिंत नव्या पायावर जराशी बसली, जोड सुटला, गिलावा फाटला. काडी घालून पाहिली. वर गेली, मध्ये गेली, खाली गेली. तिन्ही ठिकाणी काडीच, जास्त नाही. एका टोकाला रुंद, एका टोकाला निमुळती, तसं काही नाही. भेगेच्या कडा झिजलेल्या, आत धूळ आणि कोळ्याची जुनी जाळी. ताज्या भेगेत कोळी संसार मांडत नाही. दोन्ही बाजूंना ओळंबा सोडला, भिंत कुठे कललेली नव्हती. आत येऊन खिडकी उघडून-लावून पाहिली. मोडक्या फळीसकट ती चौकटीत नीट बसत होती.

"दोन वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "खोली वाढवली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पडली. तेव्हा काडी जात होती, आजही काडीच जाते. पेन्सिल कधी गेली नाही."

 त्यांनी टेबलाच्या खणातून हजेरीपटाचा जुना पुठ्ठा काढला. त्यात वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर तारीख.

"गव्हाच्या खळीनं भेगेवर आडव्या चिकटवायच्या. वर एक, मधे एक, खाली एक. भिंत हलली तर कागद फाटतो. पहिल्या तीन फाटल्या, या बघा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी नव्या लावल्या. एक उन्हाळ्यात जरा ताणली होती, पावसाळ्यात सैल झाली. फाटली एकही नाही. चुना मारणार म्हणून परवा काढून ठेवल्या."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझे वडील गवंडी होते."

आम्ही कॉलेजात हीच गोष्ट काचेची पट्टी बसवून करायची असं शिकलो होतो. शिकलो म्हणजे परीक्षेत लिहिली होती. मी आजवर एकही बसवली नव्हती.

"बाई, मग हे सगळं फोटोच्या पाठीमागे लिहिलं असतं तर?"

"लिहिलं असतं तर ती तक्रार झाली असती. तक्रारीखाली सही लागते. आणि सही केली की बदली होते, इकडून थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात."

सरपंच खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आमी काय तसलं न्हाई बाई." पण आवाजात दम नव्हता.

मी छाती भरून घेतली आणि माझं पहिलं खरंखुरं निदान सांगितलं. हा फक्त जोड सुटलेला आहे. पाया आता बसून गेलाय. भिंत सरळ आहे, भेग वाढत नाही. वरचं सिमेंट काढून, जोडावर दोन्हीकडे वीतभर, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी ठोकून गिलावा करायचा. पत्र्याचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडतंय, तिथे चर काढून ते लांब न्यायचं. आणि मागचा ओला पट्टा बंद करून पोरांना मुतारी बांधून द्यायची. उन्हाळ्यात केसाएवढी रेघ परत दिसली तरी घाबरायचं नाही.

"व्हय, मेव्हन्याकडूनच करून घेतो जाळी," सरपंच म्हणाले. "फुकाट."

"खोलीला काही भीती नाही, बाई," मी समारोप केला.

"मग तसं लिहून द्या."

 बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. ऑफिसात पाच महिन्यांत एक धडा मी नीट शिकलो होतो. 'सुरक्षित' हा शब्द कागदावर कधी घालायचा नाही. 'सद्यःस्थितीत', 'प्रथमदर्शनी', 'वरकरणी' हे आमचे शब्द. उद्या काही झालं तर सही आपली. मी म्हणालो, "लेखी अहवाल साहेबांच्या मान्यतेने..."

"भेग वाढत नाही, हे मला दोन वर्षं कळतंय," बाई म्हणाल्या. "त्यासाठी फोटो पाठवला नव्हता. मला एका सहीची गरज होती. माझ्या कळण्यावर मी परक्यांच्या लेकरांना भिंतीखाली कशी बसवू?"

तेव्हा कुठे मी खोली नीट पाहिली. इतका वेळ भिंतच बघत होतो. सगळ्या पोरांच्या बसण्याच्या पट्ट्या पलीकडच्या भिंतीला एकीला एक लावून अंथरलेल्या. जिथे पंचवीस पोरं मावावीत तिथे चाळीस दाटीवाटीने गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. इकडची अर्धी खोली मोकळी. आणि जिथून ती भेग गेली होती, बरोबर तिथे, भिंतीला पाठ लावून बाईंचं टेबल आणि खुर्ची.

"तुम्ही इथे बसता?"

"फळा तिकडं नेला. मग टेबलाला जागा इकडंच उरली," त्या म्हणाल्या. आणि मग जरा रागानेच, "कुणीतरी बसल्याशिवाय पोरांची भीती जाते का? भिंतीकडं बघत बसायची नुसती. अक्षर गिरवायची नाहीत."

दोन वर्षं. मी बॅगेतून कागद काढायला गेलो तर हाताला साहेबांनी ठेवायला लावलेला तोच जुना कागद लागला. तो तसाच आत सारला आणि कोरा घेतला. लिहायला टेबल एकच, खुर्चीही एकच. बाईंनी ती पदराने पुसली. "बसा."

मी बसलो. पेनाचं टोपण काढलं. 'सदर खोलीची भिंत प्रत्यक्ष पाहिली,' असं लिहिलं. पुढचा शब्द लिहिण्याआधी, माझ्या नकळत, मी मान मागे टाकून वर भिंतीकडे पाहिलं.

चाळीस पोरांनी ते पाहिलं. सरपंचांनी पाहिलं. बाई तर माझ्याकडेच बघत होत्या.

"वर काय बघता, साहेब?" त्या म्हणाल्या. "आत्ता तुम्हीच म्हणालात ना? लिहा."

पोरं फिस्सकन हसली. मीही हसलो, पण ओशाळं. मग 'सद्यःस्थितीत' न लिहिता, 'प्रथमदर्शनी' न लिहिता, सरळ 'वर्ग भरविण्यास सुरक्षित आहे' असं लिहिलं आणि खाली वाचता येईल अशी सही केली. नोकरीत पुढे हजारो सह्या केल्या, पण खुर्चीत बसून पाठीला भिंत जाणवतेय अशी ती एकच.

बाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवला. मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "चौथीच्या मुलींनो, पट्ट्या उचला. या इकडं."

नऊ मुली उठल्या. भिंतीपाशी येऊन त्यांनी पट्ट्या अंथरल्या, बसल्या आणि पाय लांब करून पाहिले. मी खुर्ची रिकामी केली, पण बाई बसल्या नाहीत. त्या फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कविता म्हणायला लावली.